जोडावरचा गोटा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आणि अक्षर तर चुलीपुढं सांडलेल्या पिठावरून कोंबडी गेल्यासारखं. कुठं पहिली वेलांटी, कुठं दुसरी, हे मला अजून अडतं. ही वही मुलीच्या शाळेतली उरलेली आहे, पुढची पानं तिची, मागची माझी. कुणाच्या हाती लागली तर त्यानं चुका दुरुस्त करून वाचावं, रागावू नये.

पोलीस ॲक्शनच्या साली आमच्या गावची शाळा बंद पडली. पुन्हा सुरू झाली तेव्हा मी चौथी पुरी केली आणि शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन औरंगाबादेत आले. आम्ही उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहायचो. माझे मालक वैजापूरला जिनिंगमध्ये कामाला, पंधरवड्यानं यायचे. मी घरी शिलाईची कामं घ्यायची. गोधड्या, उशांचे अभ्रे, पोरींचे परकर. बोलायला मी कायमची मागं. गिऱ्हाईक दारात आलं की मुलीला पुढं करायची.

आमच्या शेजारी आपा राहायच्या. त्या माझ्याहून मोठ्या म्हणून मी आपा म्हणायची, त्या मला बहन म्हणायच्या, त्यांच्या पोरी खाला, म्हणजे मावशी. त्यांची धाकटी आणि माझी मुलगी एकाच शाळेत, एकाच वर्गात, सातवीत. एकाच बाकावर बसून दोघी रोज भांडायच्या आणि रोज एकत्र घरी यायच्या.

त्या वर्षी आपांच्या थोरलीचं लग्न ठरलं. त्यांच्या बैठकीत दोन लाकडी तख्तं होती, एक लांब भिंतीला आणि एक आडव्या भिंतीला लावलेलं, कोपऱ्यात एकमेकांना भिडलेली. लग्नात बायका तिथंच बसणार. आपांना दोन्ही तख्तांवर मिळून एकच चादर हवी होती. दोन्ही बाजूंना लाल कापड, कोपऱ्यात पिवळा चौकोन, आणि सगळ्या काठानं गोटा, म्हणजे जरीची चपटी फीत.

मी माप घेतलं. कापडाचा पन्हा एक वार, म्हणजे तीन फूट, तो तख्ताच्या रुंदीला नेमका बसत होता. लांब बाजूचा लाल तुकडा नऊ फूट, आडव्या बाजूचा सहा फूट, कोपऱ्याचा पिवळा तीन बाय तीन. शिवणीचं बोटभर मी कापताना वेगळं सोडलं.

आपांच्या नणंदबाई तिथंच पान जमवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "माप नीट घे गं बाई. शिवणारणीच्या घरी कातरण उरतं, आणि उरलेलं परत येताना मी तरी पाहिलं नाही."

आपा म्हणाल्या, "ऐसा नको बोलो. ही तसली नाही."

मी मापाची पट्टी गुंडाळली. पण ते वाक्य मी घरी घेऊन आले.

गोट्याचा हिशोब मी त्याच दिवशी मनात केला. गोधडीसाठी दोरा किती लागेल ते मी जसं मोजायची तसंच. गोधडीत आपण प्रत्येक तुकड्याच्या चारी कडा दुमडतो, टाचतो आणि मग जोडतो. म्हणून प्रत्येक तुकडा चारी बाजूंनी मोजायचा आणि बेरीज करायची, ही माझी सवय. लांब तुकडा चोवीस फूट, आखूड तुकडा अठरा, पिवळा चौकोन बारा. एकूण चोपन्न फूट, म्हणजे अठरा वार. अडीच रुपये वार. पंचेचाळीस रुपये.

आपांनी नोटा मोजून दिल्या. शिलाईचे पंधरा रुपयेही आगाऊ दिले, ते मी मशीनच्या हप्त्यात भरून टाकले. गुलमंडीच्या दुकानात मीटरची पट्टी आली होती, पण आम्ही बायका वारातच मागायचो आणि दुकानदार मनातल्या मनात फिरवून द्यायचा. त्यानं अठरा वार गोटा कापला, गुंडी केली आणि म्हणाला, "बाई, कापलेला माल परत येत नसतो, आधीच सांगतो." मी मान हलवली. परत कशाला आणायचाय?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तीन तुकडे जोडून घेतले. गोट्याची गुंडी मशीनच्या फळीवर ठेवली होती. तेवढ्यात दोघी शाळेतून आल्या. माझ्या मुलीचं तोंड फुगलेलं. दप्तर तिनं भिंतीवर आपटलं.

"काय झालं गं?"

"काय नाय." तिनं वही काढली. गणिताच्या वहीत लाल शाईनं मोठी फुली होती. त्याखाली बाईंनी लिहिलं होतं, 'जोडीदाराबरोबर बसून दुरुस्त करून आण.'

आपांची धाकटी पाटावर बसली. "बघ, आता मी तुझी बाई. पाणी आण माझ्यासाठी."

"लई शहाणी हाईस. आधी चूक तर दाखव."

वहीतली आकृती मला मशीनवरून दिसत होती. वर एक आडवी पट्टी, खाली तिच्या मधोमध उभी पट्टी, देवळाच्या दारात खांब असतो तशी. आडवी पट्टी दहा सेंटिमीटर लांब, दोन रुंद. उभी सहा लांब, चार रुंद. आकृतीची परिमिती काढा.

"हे बघ," माझी मुलगी बोटानं दाखवत म्हणाली, "दहा अन् दोन बारा, दुप्पट चोवीस. सहा अन् चार दहा, दुप्पट वीस. चोवीस अन् वीस चव्वेचाळीस. बेरीज चुकली का? सांग, चुकली का?"

"बेरीज बरोबर है."

"मग?"

"परिमिती म्हणजे काय?"

"चारी बाजूंची बेरीज."

"ह्याला चारच बाजू आहेत का? मोज."

माझी मुलगी मोजायला लागली आणि मध्येच थांबली. "आठ," ती म्हणाली. "पण दोन पट्ट्या हायेत ना, चार अन् चार आठ."

"त्या आठ वेगळ्या, ह्या आठ वेगळ्या."

"आठ म्हंजी आठ. आठात काय हिंदू-मुसलमान असतंय का?"

दोघी हसल्या. मीही हसले, पण हसताना सुई बोटात गेली.

आपांच्या धाकटीनं माझ्या कातरणाच्या ढिगातून दोन तुकडे उचलले, एक लांबट आणि एक जरा आखूड. "खाला, घेऊ का?" मी हो म्हटलं. तिनं ते फरशीवर आकृतीसारखे लावले, उभा तुकडा आडव्याला खालून चिकटवून. मग माझ्याकडून दोरा मागितला.

"आता ही मुंगी आहे," दोऱ्याचं टोक धरून ती म्हणाली. "मुंगी बाहेरून चालणार. आत जाणार नाही. आत घुसली तर ती चोर मुंगी. चाल."

माझ्या मुलीनं दोरा कडेकडेनं फिरवला. मुंगी वरून आली, बाजूनं खाली आली, आत वळली, उभ्या तुकड्याजवळ पोचली आणि खाली गेली. वळसा घालून दुसऱ्या बाजूनं वर आली आणि पुन्हा जिथून निघाली तिथं.

"तुझी मुंगी ह्या जोडावरून गेली का?" आपांच्या धाकटीनं दोन तुकडे भिडले होते तिथं बोट ठेवलं.

"नाय. तिथं कशाला जाईल, ते आत हाय."

"मग तू ते का मोजलं?"

माझ्या मुलीनं तुकड्यांकडं पाहिलं. मग रबर घेतला, चव्वेचाळीस खोडलं. "बरं. जोड चार सेंटिमीटरचा. चार वजा. चाळीस. घे, झालं."

"नक्को. अजून गलत."

"आता काय गलत?"

"जोड तू किती वेळा मोजला होता?"

"एकदा. एकच तर जोड हाय."

"जोड एकच. पण आडव्या पट्टीच्या परिमितीत तो आला, आणि उभ्या पट्टीच्या परिमितीतही आला. दोन्हीकडं. तू आडवीची पूरी कड घेतलीस ना, दहाच्या दहा? त्यातले मधले चार हेच. आणि उभीची वरची कड चार, ती पण हीच. तू एकदाच काढला. दुसरा राहिला की तसाच."

माझी मुलगी तुकडे उचलून बघायला लागली. आडवा तुकडा वेगळा धरला, त्याची खालची कड पाहिली. उभा वेगळा धरला, त्याची वरची कड पाहिली. मग दोन्ही परत भिडवले. मला वाटतं तिला तेव्हा कळलं, कारण तिचा खालचा ओठ बाहेर आला. पण ती हरणारी नव्हती.

"माझी आई तर असंच मोजती," ती म्हणाली. "सगळ्या तुकड्यांच्या चारी कडा, अन् बेरीज. तुमच्या चादरीचं पण तसंच मोजलंय. ती रोज मोजती, तुझ्या बाईंपेक्षा जास्त. नाय का गं आई?"

मशीनचं चाक माझ्या हातात होतं. मी ते सोडलं नाही आणि फिरवलंही नाही.

"खालाचं वेगळं असतं," आपांची धाकटी म्हणाली. "गोधडीत जोड पण शिवायला लागतो, दोरा लागतोच. तिथं बरोबर." आणि मग ती थांबली. तिनं मशीनच्या फळीकडं पाहिलं. तिथं जोडलेली चादर होती, लाल, पिवळी, लाल, आणि तिच्यावर गोट्याची गुंडी. पोरीचे डोळे एकदा माझ्याकडं आले आणि लगेच वहीकडं गेले.

"चल, आपण मुंगीनं पडताळा करू," ती जरा घाईनं म्हणाली. "वरून दहा. बाजूला दोन. खाली आत वळून किती?"

"दहातून चार गेले, उरले सहा, दोन्हीकडं तीन-तीन."

"मग तीन. उतरून सहा. खाली चार. चढून सहा. परत तीन. परत दोन. बेरीज?"

"छत्तीस."

"आणि चव्वेचाळीसमधून चार दोनदा काढले तर?"

"छत्तीस. व्हय गं, छत्तीस." माझ्या मुलीनं वहीवर छत्तीस इतकं दाबून लिहिलं की मागच्या पानावर उमटलं. "पण तू लई माज करू नको. पाणी मी आणणार नाय."

दोघी खेळायला गेल्या. मी दार ओढून घेतलं.

 मी चादर फरशीवर पसरली, खोलीत ती मावेना, म्हणून पाण्याचं पिंप बाहेर ढकललं. जाड दोरा घेतला आणि मुंगीसारखी कडेकडेनं गुडघ्यांवर रांगले. लांब बाजू, पिवळ्या चौकोनासकट, बारा फूट. टोक तीन. आतली कड नऊ. तिथून आत वळून सहा. टोक तीन. मग आडव्या बाजूची बाहेरची कड, चौकोनासकट, नऊ. बेचाळीस. मी पुन्हा मोजलं. बेचाळीस. चोपन्न नाही. बेचाळीस फूट म्हणजे चौदा वार.

पिवळा चौकोन लांब तुकड्याला तीन फूट चिकटलेला आणि आखूड तुकड्याला तीन फूट. मिळून सहा. दोन्ही बाजूंनी मोजलेले, म्हणून बारा. हे सगळं फरशीवर माझ्यासमोर होतं आणि मी कित्येक वर्षं कापड जोडत असून मला दिसलं नव्हतं.

चार वार गोटा जास्त. दहा रुपये.

आता काय करायचं हे मला सुचेना. मी उठायची, बसायची, पुन्हा उठायची. चुलीवर चहा ठेवला आणि उतू गेला. चार वार गोटा माझ्याकडं राहिला तर नणंदबाईंचं बोलणं खरं ठरणार. उरला असं सांगायला गेले तर म्हणतील, आधी जास्त मागायचा आणि मग साळसूदपणे अर्धा परत करायचा, ही जुनी रीत आहे. आणि नाही सांगितलं तर?

मग मनात आलं की जोडांवरच गोटा लावावा. दोन जोड, प्रत्येकी तीन फूट, प्रत्येक जोडाच्या दोन्ही अंगांनी एकेक ओळ. तीन चोक बारा फूट. नेमका चार वार. एक बोटभरसुद्धा उरला नसता. कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, नक्षी आहे. मी गुंडी सोडली आणि गोटा जोडावर धरूनही पाहिला. सुंदर दिसत होता, हे खोटं नाही.

पण जरीची कड खरखरीत असते. लग्नात बायका पातळ रेशमी कपडे घालून कोपऱ्यावरून इकडून तिकडं सरकणार. पदर अडकणार, धागे निघणार. काठावर गोटा चालतो, कारण काठावर कुणी बसत नाही. हे मला ठाऊक होतं. शिवणारणीला हे ठाऊक असतंच. म्हणजे मी चूक लपवायला मुद्दाम वाईट शिवणार होते.

त्यात ती पोर. तिनं गुंडीकडं पाहिलं होतं.

मी चौदा वार गोटा काठानं लावला. कोपरे दुमडायला बोटभर जास्त लागतं, ते मी गोटा जरासा ताणून भागवलं. टाके सरळ आले. उरलेला चार वार कागदात गुंडाळला.

मग दोन दिवसांनी चादर घेऊन आपांकडं गेले. मुलीला बरोबर नेलं नाही. दारातून परत फिरले, नळावर जाऊन पाणी प्याले आणि पुन्हा गेले. नणंदबाई बैठकीतच होत्या. मी चादर तख्तांवर घातली. बसली ती नेमकी, कोपऱ्यातला पिवळा चौकोन तर भिंतीला भिडून.

आपा म्हणाल्या, "माशाल्ला! बहन, हात का काम है."

मी कागद पुढं केला. "आपा, हा चार वार उरला. माझं माप चुकलं. तुकडे जिथं जोडले तिथं पण मोजला मी. तिथं गोटा लागत नाही. दहा रुपयांचा आहे. दुकानदार परत घेत नाही. पैसे मी देते, पण एकदम नाही देता येणार."

एवढं लांब मी आपांशी कधी बोलले नव्हते.

नणंदबाईंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "म्हटलं होतं ना मी. उरतंच."

"उरलं ते घेऊन आली ना ती," आपा म्हणाल्या. "आणि तू तर म्हणालीस, परत येताना पाहिलं नाही. बघ आता."

नणंदबाईंनी चादरीचा काठ बोटानं चाचपला. आपांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि चहा दिला.

"तू सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?"

"नाही."

"मग सांगितलं कायकू?"

मी खरं ते सांगितलं. "तुमच्या धाकटीला कळलं होतं. तिनं माझ्या मुलीचं गणित दुरुस्त केलं, त्यात."

आपांनी कप खाली ठेवला. "तिनं मला काही सांगितलं नाही."

"अजिबात?"

"एक शब्द नाही. उलट काल विचारत होती, खाला चादर कधी आणणार, कधी आणणार. मला वाटलं, लग्नाची घाई."

मला कसंतरीच झालं. ती पोर दोन दिवस घरी गप्प बसली होती. मी काय करते ते बघत होती की मला वेळ देत होती, मला आजही सांगता येत नाही. मला वाटतं वेळ देत होती. पण तसं वाटून घेणं मला सोयीचं आहे.

"गोटा तू ठेव," आपा म्हणाल्या. "पैशाचं राहू दे. लग्नघरात दहा रुपये काय."

"गोटा ठेवते," मी म्हटलं, "पण मग तो मी विकत घेतला. पैसे तुमचे."

त्यावर त्या कप उचलता उचलता म्हणाल्या, "बरं. जसं तुला झोप लागेल तसं."

लग्न झालं. बायका तख्तावर बसल्या, कुणाचा पदर अडकला नाही. मी मागच्या दारात उभी राहून बघत होते, नजर सारखी कोपऱ्यावर.

त्यानंतर माझी मुलगी माझ्या प्रत्येक मापाच्या मागं लागली. "आई, मुंगी फिरवलीस का?" असं गिऱ्हाइकापुढं ओरडायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण मी फिरवायची. एकदा तिनं विचारलं, आपांच्या चादरीचा एक कोपरा आत गेलेला, म्हणजे कापड कमी, तरी बारा बाय नऊची पुरी चादर असती तर तिलाही गोटा बेचाळीसच फूट लागला असता, हे कसं? आम्ही दोघींनी फरशीवर खडूनं काढून बघितलं. आतली नऊची कड बाहेर ढकलली की समोरच्या काठावर जाते, आतली सहाची ढकलली की दुसऱ्या काठावर. कापड वाढतं, काठ तेवढाच राहतो. मी चौथी शिकलेली बाई, मला त्या दिवशी एवढा आनंद झाला की मी भाकरी करपवली.

पैसे मी तीन वेळा दिले. पहिल्यांदा चार रुपये, एका गोधडीचे. दुसऱ्यांदा तीन, परकरांचे. त्यानंतर पावसाळा लागला, कामं कमी झाली, आणि शेवटचे तीन रुपये राहून गेले. आपा नळावर भेटायच्या, कधी विषय काढायच्या नाहीत. मीच नजर चुकवायची. रोज सकाळी उठलं की पहिल्यांदा ते तीन रुपये आठवायचे, मग चूल.

दिवाळीच्या आधी अभ्र्यांचं मोठं काम आलं. हाती पैसे पडले त्याच दुपारी मी तीन रुपये पदराच्या गाठीत बांधले आणि गेले. बैठकीत आपा होत्या, नणंदबाई होत्या, आणि धाकटी तख्ताच्या पिवळ्या कोपऱ्यावर पालथी पडून अभ्यास करत होती.

मी गाठ सोडून तीन नोटा आपांच्या हातावर ठेवल्या. "हे शेवटचे."

आपा न मोजताच मूठ मिटायला लागल्या.

"मोजा ना," मी म्हटलं.

त्यांनी एकेक नोट तख्तावर ठेवून मोठ्यानं मोजली, नणंदबाईंना ऐकू जाईल अशी. एक, दो, तीन. पोरीनं पुस्तकातून मान वर केली. "चार और तीन और तीन," ती म्हणाली, "दहा. अम्मी, पूरे हो गए."